अॅनोरेक्सियाच्या रुग्णाला पुन्हा अन्न सुरू करताना: पहिल्या आठवड्याचा क्रम

मानसोपचार परिचर्येच्या पेपरात एक प्रश्न वेगवेगळे कपडे घालून वरचेवर येतो. खंगलेली तरुण मुलगी दाखल होते, नाडी मंद आहे, पोटॅशियम कमी आहे. परिचारिकेची पहिली कृती कोणती? पर्यायांत 'उच्च उष्मांकाचा, प्रथिनयुक्त आहार सुरू करणे' असतो, 'शरीरप्रतिमेबद्दल बोलते करणे' असतो आणि कुठेतरी मधे 'ईसीजी व इलेक्ट्रोलाइट तपासणे' असतो. बरेच विद्यार्थी आहारावर खूण करतात. उपाशी माणसाला जेवू घालायचे, यात चुकण्यासारखे काय, असे वाटते. पण या रुग्णाचा जीव जेवणाआधी जितका धोक्यात असतो, तितकाच जेवण सुरू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यातही असतो. म्हणून हा लेख फक्त त्या आठवड्याबद्दल आहे: काय आधी, काय नंतर आणि का.

एक काल्पनिक रुग्ण शेवटपर्यंत सोबत ठेवू. फोंड्याची १९ वर्षांची कॉलेजातली मुलगी. उंची १६० सेंमी, वजन ३७ किलो. सहा महिन्यांपूर्वी वजन ५० किलो होते. गेले बारा दिवस बिनसाखरेचा चहा आणि कोकमाच्या पाण्यावर आहे. आठवड्यातून दोन-तीनदा ओकारी काढते, हे आईने हळू आवाजात सांगितले. दाखल होताना नाडी ४२, रक्तदाब ८४/५४, तापमान ३५.४ अंश सेल्सिअस, पोटॅशियम ३.०, फॉस्फेट ३.१, मॅग्नेशियम १.८. मुलगी म्हणते, "मला काही झालेलं नाही, आईच उगाच घाबरते."

## १. निदानाचे नाव नीट लावा

'ओकारी काढते म्हणजे बुलिमिया' ही पहिली चूक. उलटी दोन्ही आजारांत असू शकते. फरक वजनाने ठरतो. बुलिमियाचा रुग्ण बहुधा सामान्य वजनाचा किंवा थोडा जास्त वजनाचा असतो, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या रुग्णाचा बीएमआय काढा: ३७ भागिले १.६ चा वर्ग, म्हणजे ३७ भागिले २.५६, साधारण १४.५. इतक्या कमी वजनात, वजन वाढण्याची भीती असताना आणि स्वतः किती खंगलोय हे मान्य नसताना उलटी होत असेल, तर तो अॅनोरेक्सिया नर्व्होसाच, खाणे-ओकणे प्रकारचा. डीएसएम-५ च्या मोजमापात १५ च्या खालचा बीएमआय सर्वांत तीव्र गटात जातो.

पाळी बंद होणे ही अट २०१३ साली डीएसएम-५ मधून काढली गेली. जुन्या नोट्स वाचून ती 'अनिवार्य निकष' म्हणून लिहू नका. लक्षण म्हणून लिहा, ते बरोबरच आहे.

## २. पहिल्या तासात ताट नको, मोजमाप हवे

आडवे झोपवून आणि उभे करून अशी दोन्ही वेळा नाडी व रक्तदाब घ्या. तापमान घ्या. ग्लुकोमीटरवर साखर बघा. ईसीजी काढा, आणि तो काढताना केवळ मंद गती बघून सोडू नका, क्यूटीसी लांबला आहे का हे डॉक्टरांना विचारा. रक्तात सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या जायला हव्यात. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम रोजच्या 'इलेक्ट्रोलाइट' फॉर्मवर बहुधा नसतात, ते वेगळे लिहून मागावे लागतात. इथे चुकले तर पुढचा सगळा क्रम आंधळा होतो.

आता रिफीडिंगचा, म्हणजे उपासानंतर अन्न सुरू झाल्यावर होणाऱ्या बिघाडाचा, धोका ठरवा. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या निकषांप्रमाणे पुढच्यापैकी एक जरी असेल तरी धोका मोठा: बीएमआय १६ पेक्षा कमी, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन नकळत घटणे, दहा दिवसांहून अधिक जवळजवळ काहीच न खाणे, अन्न सुरू करण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फेट किंवा मॅग्नेशियम कमी असणे. आपल्या रुग्णात बीएमआय, उपास आणि पोटॅशियम हे तीन उघड बसतात. वजन ५० वरून ३७ म्हणजे २६ टक्के घट. निकषाचा शब्द 'नकळत' असा आहे आणि हिने ठरवून घटवलेय, असा वाद घालत बसू नका. पेशींना हेतू कळत नाही.

तपासा: "फॉस्फेट ३.१ आहे, नॉर्मल आहे, मग काळजी कसली?" असे कोणी म्हणाले तर तुमच्याकडे उत्तर हवे. ते पुढच्या परिच्छेदात आहे, आणि संपूर्ण विषयाची किल्ली तिथेच आहे.

दुकानाच्या दर्शनी फळीवर माल मांडलेला दिसतो, पण आतले कोठार रिकामे असते, तशी ही स्थिती आहे. उपाशी शरीर चरबी जाळून चालते, इन्सुलिन तळाला गेलेले असते. पेशींच्या आतले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झिजत जाते, पण रक्तातला आकडा शरीर कसाबसा टिकवून धरते. अशात पिष्टमय अन्न किंवा डेक्स्ट्रोज पोटात किंवा शिरेत गेले की इन्सुलिन एकदम उसळते. इन्सुलिन ग्लुकोजला पेशीत ढकलते आणि त्याच्याबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमही आत ओढले जाते. ग्लुकोज जाळायला थायमिन लागते, त्याचा उरलासुरला साठाही उडतो. मूत्रपिंड सोडियम आणि पाणी धरून ठेवू लागते. फॉस्फेटविना पेशीला एटीपी बनवता येत नाही, म्हणून हृदय, श्वासपटल आणि मेंदू एकाच वेळी लंगडतात. यालाच रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून दाखल होतानाचा नॉर्मल फॉस्फेट हा दिलासा नाही, तो फक्त तुलनेचा पहिला आकडा आहे.

## ३. थायमिन आधी, घास नंतर

हा क्रम परीक्षेत थेट विचारला जातो. अन्न किंवा डेक्स्ट्रोज सुरू होण्यापूर्वी थायमिन. नाइसच्या मार्गदर्शनात तोंडाने दिवसाला २०० ते ३०० मिग्रॅ, पहिले दहा दिवस, सोबत बी-कॉम्प्लेक्स आणि मल्टिव्हिटॅमिन. रुग्ण ओकत असेल तर गोळीचा भरवसा नाही, डॉक्टर इंजेक्शन लिहितात. थायमिनविना साखर गेली तर वेर्निके एन्सेफॅलोपथी होऊ शकते: गोंधळलेपण, डोळ्यांची हालचाल बिघडणे, चालताना तोल जाणे. तिन्ही एकदम दिसतीलच असे नाही.

एक अपवाद. साखर धोकादायक पातळीला घसरली असेल, मुलगी गुंगीत असेल, तर 'थायमिन आल्याशिवाय ग्लुकोज नाही' असा हट्ट करायचा नसतो. दोन्ही एकत्रच देतात.

पोटॅशियम ३.० आहे, त्याची भरपाई डॉक्टरांच्या आदेशाने लगेच सुरू होते. ही भरपाई आणि थोडे अन्न सोबत चालू शकते. आकडे फारच खाली असतील तर आधी भरपाई करतात. पोटॅशियम शिरेतून कधीही झटक्यात देत नाहीत, पातळ करून आणि पंपावर, ठरलेल्या गतीनेच. पोटॅशियम देऊनही वर येत नसेल तर मॅग्नेशियम बघा. ते कमी असताना मूत्रपिंड पोटॅशियम गमावतच राहते, कितीही ओता.

इशारा: रक्तदाब ८४/५४ बघून सलाईन भराभर सोडू नका. उपासमारीने हृदयाचा स्नायू पातळ झालेला असतो, त्याला पाण्याचा लोंढा पेलत नाही. फुप्फुसात पाणी भरते. द्रवाचा वेग डॉक्टरांनी ठरवायचा, घेतले-गेले यांचा चार्ट तुम्ही ठेवायचा.

## ४. पहिल्या दिवसाचे ताट

मोठ्या धोक्याच्या रुग्णात सुरुवात जास्तीत जास्त १० किलोकॅलरी दर किलो वजनामागे, दर दिवशी. बीएमआय १४ च्या खाली असेल किंवा पंधरा दिवसांहून अधिक काही खाल्ले नसेल तर ५ आणि हृदयाच्या ठोक्यांवर सतत मॉनिटर. पूर्ण गरज ४ ते ७ दिवसांत गाठायची. आपल्या रुग्णासाठी ३७ गुणिले १० म्हणजे ३७० किलोकॅलरी, सहा भागांत. प्रत्येक भाग सुमारे ६० किलोकॅलरीचा. १०० मिली गाईच्या दुधात साधारण इतकेच उष्मांक असतात. म्हणजे एका वेळेला अर्धा पेला दूध, बस. नुसता आकडा पाठ केला तर तो किती छोटा आहे हे कळत नाही. पेला डोळ्यांसमोर आणा.

दूध मुद्दाम म्हटले. दुधात फॉस्फेट असते. उलट, नातेवाईक प्रेमाने जे आणतात ते बहुधा उलटे पडते: ग्लुकोज पावडर घातलेले पाणी, गोड कोकम सरबत, वाडगाभर मऊ पेज. पेज हलकी म्हणून 'चालेल' असे वाटते, पण ती जवळजवळ नुसता पिष्ट आहे. शहाळ्यात पोटॅशियम असते खरे, पण ते आहारतज्ज्ञाच्या हिशेबात धरल्याशिवाय खाटेवर पोहोचता कामा नये. पहिल्या भेटीतच आईला समजावून सांगा. "आई, तिला उपाशी ठेवत नाही आहोत. इतके दिवस बंद असलेल्या पोटाला एकदम भरलं तर हृदयावर ताण येतो. पेज आणायची तेव्हा मी स्वतः सांगेन." एवढे वाक्य पुरते. नियमांचा कागद हातात कोंबण्यापेक्षा ते जास्त पाळले जाते.

उलट बाजूची चूकही आहे. 'हळू' म्हणजे आठवडाभर ३७० वरच थांबणे नव्हे. आकडे स्थिर असूनही वाढ केली नाही तर वजन आणखी घसरते, तोही जीवघेणा प्रकार आहे. सौम्य ते मध्यम कुपोषणाच्या किशोरवयीन रुग्णांत हल्ली याहून बरेच जास्त उष्मांक देऊन, रोज रक्त तपासत, सुरुवात करतात. त्यामुळे प्रश्नात काय दिले आहे ते बघा. अतितीव्र खंगलेपणा आणि बिघडलेले इलेक्ट्रोलाइट दिले असतील तर कमी आणि सावकाश हेच उत्तर.

## ५. दिवस दुसरा ते पाचवा: इथे रुग्ण हातचे जातात

फॉस्फेट बहुधा या दिवसांत घसरते. सुरुवातीला दर चार तासांनी नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध. रोज रक्त, रोज वजन, रोज पायांची सूज.

आपल्या रुग्णाला पहिल्या दिवशी ३७०, दुसऱ्या दिवशी ५५० किलोकॅलरी दिल्या. तिसऱ्या दिवशी ७४० वर न्यायचे ठरले होते. सकाळी चार्टवर हे दिसते: वजन ३८.४ किलो, नाडी ९६, श्वास मिनिटाला २४, दोन्ही घोट्यांवर बोट दाबले की खड्डा राहतो, हातापायांत मुंग्या. फॉस्फेट १.९, पोटॅशियम ३.१.

रात्रपाळीच्या नोंदीत 'वजन १.४ किलो वाढले, नाडी सुधारली, रुग्ण समाधानकारक' असे लिहिलेले असू शकते. दोन्ही निष्कर्ष चूक आहेत, आणि हे कागदावरच सिद्ध होते. एक किलो मांस-चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,००० किलोकॅलरी जास्त लागतात. हिने दोन दिवसांत मिळून ९२० खाल्ल्या. म्हणजे ते १.४ किलो पाणीच आहे. नाडीचेही तसेच. खंगलेल्या रुग्णाची नाडी ४० च्या घरात असणे अपेक्षित असते. ती दोन दिवसांत ९६ झाली तर हृदय थकतेय, पाणी साचतेय किंवा कुठेतरी संसर्ग आहे. 'नॉर्मल' दिसणारा आकडा या रुग्णात धोक्याचा आहे, हे परीक्षकाला तुमच्याकडून ऐकायचे असते.

फॉस्फेट ३.१ वरून १.९, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के घट. अमेरिकेतल्या एस्पेन या पोषण संस्थेच्या २०२० च्या व्याख्येत, अन्न सुरू केल्यापासून पाच दिवसांत फॉस्फेट, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम १० ते २० टक्के घसरले तर सौम्य, २० ते ३० टक्के तर मध्यम आणि ३० टक्क्यांच्या वर तर तीव्र रिफीडिंग. हा तीव्र प्रकार आहे.

आता कृतींचा क्रम:

१. नियोजित वाढ थांबवा. पुढचा भाग देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा, राउंडची वाट बघू नका. आकडा, घटीची टक्केवारी, नाडी, श्वास आणि सूज या क्रमाने सांगा.

२. डोके उंच करून बसवा, ऑक्सिजनचे प्रमाण बघा, छातीत खरखर ऐकू येते का पाहा, ईसीजी परत काढा आणि मॉनिटर लावा.

३. आदेशाप्रमाणे फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची भरपाई. शिरेतून दिलेले फॉस्फेट हळू जाते. कॅल्शियम असलेल्या द्रवाबरोबर एकाच नळीतून देऊ नका, गाळ बनतो. फॉस्फेट जाताना कॅल्शियम घसरू शकते, म्हणून ओठांभोवती मुंग्या, स्नायूंना पेटके याकडे लक्ष.

४. उष्मांक पूर्ण बंद नाही, तर निम्म्यावर. म्हणजे ५५० वरून सुमारे २७५. थायमिन चालूच.

५. आकडे सावरेपर्यंत ठरलेल्या तासांनी रक्त, आणि मगच पुन्हा चढण.

या रुग्णात चौथ्या दिवशी फॉस्फेट २.४, पाचव्या दिवशी २.८ झाले, श्वास १८ वर आला, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा वाढ सुरू केली. परीक्षेत 'आहार ताबडतोब बंद करा' हा पर्याय मोहात पाडतो. कमी करणे आणि भरपाई करणे, हे उत्तर.

तपासा: गोंधळ, झटका, अचानक धाप, मूत्र चहासारखे गडद होणे. यातले काहीही दिसले तर ते 'मानसिक' म्हणून लिहू नका.

## ६. वजन, ताट आणि बाथरूम

शारीरिक धोका आटोक्यात येतो तेव्हा नर्सिंगचे अवघड काम सुरू होते. इथे नियम थोडे असावेत, पण तिन्ही पाळ्यांत सारखे. सकाळची सिस्टर सैल आणि रात्रीची कडक असेल तर रुग्ण त्या फटीतून निसटतो, आणि दोष त्याचा नसतो.

वजन रोज सकाळी, एकाच काट्यावर, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, वॉर्डच्या गाऊनमध्ये. आकडा न दाखवता, पाठ काट्याकडे करून. वजन अचानक वाढलेले आणि लघवीची विशिष्ट घनता अगदी कमी असेल तर भरपूर पाणी प्यायल्याचा संशय घ्या, सोडियमही तपासायला सांगा. खिशांबद्दल संशय असेल तर सन्मान राखून, खासगीत बघा.

जेवणाला साधारण ३० मिनिटे. शेजारी बसा, पण घासांची मोजणी तोंडाने करू नका. जेवताना उष्मांक, वजन, 'किती छान खाल्लंस' यातले काहीही नको. हवामान, कॉलेज, पणजीची बस, काहीही चालेल. जेवणानंतर निदान एक तास नजरेखाली, आणि त्या काळात बाथरूमला जायचे तर सोबत. नकार आला तर वाटाघाट नाही, ओरड नाही. आधी ठरल्याप्रमाणे पर्यायी पेय पुढे करायचे, आणि त्याचीही नोंद. नाकातून नळी हा शिक्षेचा धाक नाही, वैद्यकीय गरज भासली तरच टीम ठरवते.

रुग्णालयातले वाढीचे लक्ष्य आठवड्याला अर्धा ते एक किलो. काही परदेशी पाठ्यपुस्तकांत सुमारे १.४ किलोपर्यंतचा आकडा दिसतो. पर्यायांत दोन-तीन किलो असेल तर तो नक्की चूक.

## ७. तोंडातून निघणारे वाक्य

संवादाचे प्रश्न इथेच येतात आणि गुणही इथेच जातात. तिसऱ्या दिवशीची हीच मुलगी घ्या. पाय सुजलेत, ती घाबरून म्हणते, "सिस्टर, बघा, मी सांगितलं होतं ना, मी फुगले. मला नको आता काहीच."

'छे, तू तर काडीसारखी आहेस' हे समजूत घालणारे वाक्य आहे, पण चूक. ते तिच्या अनुभवाला खोटे ठरवते, आणि वर तिच्यातला आजार 'काडीसारखी' हे बक्षीस म्हणून ऐकतो. 'आता जरा चेहऱ्यावर तेज आलंय' हेही चूक, कारण तिला ते 'जाड झालीस' असे ऐकू येते. 'आईचा विचार कर' हे तर अपराधीपणाचे ओझे.

असे म्हणता येईल: "पाय सुजलेत, मलाही दिसतंय. हे साठलेलं पाणी आहे, चरबी नाही. म्हणूनच डॉक्टरांना आत्ता बोलावलंय. भीती वाटतेय तुला." मग थांबा. वास्तव एकदा, शांतपणे सांगितले, भावनेला नाव दिले, वाद घातला नाही. शरीरप्रतिमेवरचा सखोल संवाद आत्ता नको. उपाशी मेंदू फिरून फिरून अन्नावरच येतो, नवे विचार पकडत नाही. तो भाग वजन सावरताना, सीबीटी आणि कुटुंबाधारित उपचारांत.

आई पलंगाशी बसून "थोडं खा गो बाये, माझ्यासाठी" म्हणत राहते, मुलगी तोंड फिरवते, दोघी रडतात. आईला बाजूला घेऊन जेवणाच्या वेळी काय बोलायचे नाही ते सांगणे हीही परिचर्याच. तिला दोषी ठरवू नका. हा आजार आईने लावलेला नसतो.

आत्महत्येचा विचार थेट विचारा. दोन्ही आजारांत तो धोका मोठा आहे, आणि विचारल्याने तो वाढत नाही.

## ८. रुग्ण बुलिमियाचा असता तर

इथे शोध वेगळा. बोटांच्या सांध्यांवर घट्टे, जिला रसेलची खूण म्हणतात. गालांजवळच्या लाळग्रंथी सुजलेल्या. पुढच्या दातांचे आतले आवरण झिजलेले. उलट्यांनी पोटॅशियम आणि क्लोराइड घटून रक्त अल्कधर्मी होते. जुलाबाच्या गोळ्यांनी मात्र बहुधा उलट, आम्लधर्मी. हा फरक एक गुणाचा, पण वरचेवर येतो. रक्ताची उलटी किंवा ओकल्यानंतर छातीत तीव्र कळ ही आणीबाणी.

सूज इथेही दिसते, पण कारण वेगळे. उलट्या-जुलाब अचानक थांबले की आधी पाणी वाचवायला चढलेले अल्डोस्टेरॉन काही दिवस तसेच राहते आणि पाणी धरून ठेवते. अशा वेळी सलाईनचा मारा आणि स्वतःहून मागितलेली लघवीची गोळी, दोन्ही टाळायचे.

नियोजनात 'खा-खा थांबवणे' हे पहिले उद्दिष्ट लिहू नका. खा-खा बहुधा उपासातून येते. दिवसभर काही न घेता, 'सोमवार आहे' म्हणत टाळत, रात्री चवथीच्या नेवऱ्यांचा डबा एकट्याने संपवणे आणि मग ओकणे, असे ते चक्र आहे. म्हणून आधी ठरलेल्या वेळांना तीन जेवणे आणि मधली खाणी, एकही न चुकवता. ओकल्यावर लगेच दात घासू नयेत, साध्या पाण्याने चूळ भरावी. आम्लाने मऊ झालेले आवरण ब्रशने आणखी खरवडले जाते. औषधात फ्लुओक्सेटिन ६० मिग्रॅ हा बुलिमियाचा आकडा लक्षात ठेवा, आणि बुप्रोपिऑन झटक्यांच्या धोक्यामुळे वर्ज्य. अॅनोरेक्सियात फ्लुओक्सेटिनने वजन वाढते, असे मात्र लिहू नका.

## ९. उत्तरपत्रिकेत मांडणी

दीर्घोत्तरी प्रश्नात परिचर्या निदान लिहिताना क्रम असा लावा: आधी इलेक्ट्रोलाइट असंतुलनाचा आणि हृदयावरच्या ताणाचा धोका, मग गरजेपेक्षा कमी पोषण, मग शरीरप्रतिमेचा बिघाड आणि अपुरी सामना करण्याची क्षमता. स्वतःला इजा करण्याचा विचार प्रश्नात दिला असेल तर तो वर येतो. बरेच जण शरीरप्रतिमा पहिली लिहितात, कारण पेपर मानसोपचाराचा असतो. पण नाडी ४२ असलेल्या माणसाचा पेपर आधी वैद्यकीयच असतो.

प्रत्येक कृतीपुढे एक ओळ कारणाची घाला. 'जेवणानंतर एक तास निरीक्षण' एवढ्यावर थांबू नका, 'उलटी टाळण्यासाठी आणि जेवणानंतरच्या भीतीत सोबत मिळावी म्हणून' हेही लिहा. मूल्यमापनात 'रुग्ण बरा झाला' असे न लिहिता मोजता येणारे लिहा: फॉस्फेट २.५ च्या वर सलग टिकले, पायांची सूज उतरली, वजन आठवड्याला अर्धा ते एक किलोने वाढले, ठरलेली सहाही खाणी ३० मिनिटांत संपली, जेवणानंतर उलटी नाही. बीएमआयचा हिशेब समासात करून दाखवा आणि मीटरमधल्या उंचीचा वर्ग घ्यायला विसरू नका. १६० लिहून भागाकार केलेल्या उत्तरपत्रिका दर वर्षी असतात.